ताळेबंद जुळवायचा नाही, जुळायला हवा: तीन पत्रकांचा अंदाज कसा बांधायचा

बँकेकडे कर्जाचा प्रस्ताव घेऊन गेलात की पुढच्या तीन ते पाच वर्षांचे अंदाज मागितले जातात. नफा-तोटा पत्रक बहुतेकांना जमते. विक्री वाढवली, खर्च टक्केवारीने लावला की खाली नफा येतो. खरी अडचण नंतर सुरू होते. ताळेबंदाच्या दोन बाजूंत काही लाखांचा फरक येतो, तो कुठून आला ते सापडत नाही, आणि शेवटी कोणीतरी 'इतर चालू मालमत्ता' नावाची ओळ घालून तो फरक गिळून टाकतो. असा ताळेबंद वाचणाऱ्याला दोन मिनिटांत कळतो.

तीन पत्रकांमागचा नियम एकच आहे. ताळेबंदात रोख सोडून जितक्या ओळी आहेत, त्या प्रत्येक ओळीत वर्षभरात झालेला बदल रोख प्रवाह पत्रकात एकदा, आणि एकदाच, आला पाहिजे. तो आला की ताळेबंद आपोआप जुळतो. एखादा बदल राहून गेला, दोनदा आला किंवा उलट चिन्हाने आला, तर जुळत नाही. यापलीकडे न जुळण्याचे कारण नसते. हा नियम एका छोट्या उदाहरणावर शेवटपर्यंत चालवून पाहू.

## उदाहरणातली कंपनी

पुठ्ठ्याची खोकी बनवणारी एक काल्पनिक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी घेऊ. सगळे आकडे लाख रुपयांत आहेत. २०२४-२५ची विक्री ३६५ होती आणि मालाची किंमत, म्हणजे कच्चा माल, मजुरी, वीज वगैरे धरून, २९२ होती. ३१ मार्च २०२५चा ताळेबंद असा:

मालमत्तेच्या बाजूला निव्वळ स्थिर मालमत्ता १२०, साठा ४०, गिऱ्हाइकांकडून येणे ६० आणि रोख १०. एकूण २३०.

देण्याच्या बाजूला भागभांडवल ५०, राखीव निधी ६२, मुदत कर्ज ६०, कॅश क्रेडिट २०, पुरवठादारांचे देणे ३६ आणि आयकराचे देणे २. एकूण २३०.

पुढे काही करण्याआधी हा ताळेबंद जुळतो का ते पाहा. ऑडिट झालेल्या अहवालातून आकडे हाताने टाइप करताना एखादी छोटी ओळ राहून जाते, आणि मग ती चूक प्रत्येक अंदाजी वर्षात तशीच पुढे चालत राहते. दोन बाजूंतल्या फरकाला ९ने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झालेली असते, ६३चे ३६ वगैरे.

अहवालात रोख प्रवाह पत्रक नसेल तर घाबरू नका. कंपनी कायदा २०१३ नुसार लघु कंपनीला ते जोडणे बंधनकारक नाही, त्यामुळे अनेक छोट्या कंपन्यांच्या अहवालात ते नसतेच. आपल्याला मागच्या वर्षाचा ताळेबंद पुरतो.

## फाइलची मांडणी

एक्सेलमध्ये चार शीट घ्या: `Anuman`, `PL`, `BS` आणि `CF`. प्रत्येक शीटमध्ये एक वर्ष म्हणजे एक कॉलम, आणि तोच कॉलम सगळीकडे. २०२४-२५ C मध्ये असेल तर चारही शीटमध्ये C मध्येच, २०२५-२६ D मध्ये. हे क्षुल्लक वाटते, पण एका शीटमध्ये वर्ष एका घराने सरकले की येणारी चूक शोधायला सगळ्यात जड जाते, कारण प्रत्येक सूत्र वाचताना बरोबरच दिसते.

हाताने टाइप केलेला आकडा फक्त `Anuman` शीटमध्ये आणि C कॉलममध्ये असेल. बाकी सगळीकडे सूत्र. टाइप केलेल्या आकड्यांना निळा रंग आणि सूत्रांना काळा ठेवण्याची पद्धत आहे, ती पाळा. सूत्राच्या जागी कोणी आकडा ठोकून बसवला असेल तर रंगावरून लगेच दिसतो.

चिन्हांचाही निर्णय आधीच घ्या. इथे `PL` आणि `BS` मध्ये सगळे आकडे धन ठेवले आहेत. `CF` मध्ये आत येणारा पैसा धन, बाहेर जाणारा ऋण.

आपले अंदाज असे: विक्री २० टक्क्यांनी वाढून ४३८. मालाची किंमत विक्रीच्या ८० टक्के, म्हणजे ३५०.४. इतर खर्च ३९.६. घसारा १८. नवीन यंत्र ३०, त्यासाठी नवीन मुदत कर्ज २०, जुन्या कर्जाचे हप्ते १२. व्याज १० टक्के. कर २५ टक्के (प्रत्यक्षात अधिभार आणि उपकर धरून दर ठरवावा लागतो, इथे हिशेब सोपा राहावा म्हणून २५). लाभांश ४. गिऱ्हाइकांची उधारी ६० दिवस, साठा ५० दिवस, पुरवठादारांची उधारी ४५ दिवस. खात्यात किमान ८ लाख रोख राहावी. कॅश क्रेडिटची मर्यादा ३०.

## पहिली पायरी: नफा-तोटा पत्रक

विक्री ४३८ मधून मालाची किंमत ३५०.४ आणि इतर खर्च ३९.६ वजा केले की ४८ उरतात. घसारा १८ वजा जाता ३०.

आता व्याज, आणि इथे पहिला निर्णय. वर्षाच्या आरंभीच्या शिलकीवर व्याज काढायचे की सरासरी शिलकीवर? आपण आरंभीच्या शिलकीवर काढू. मुदत कर्ज ६० आणि कॅश क्रेडिट २०, मिळून ८०, त्यावर १० टक्के म्हणजे ८. का, ते पुढे येईल. करपूर्व नफा २२, कर ५.५, निव्वळ नफा १६.५.

## दुसरी पायरी: ताळेबंद, रोख आणि कॅश क्रेडिट सोडून

ताळेबंदातली प्रत्येक ओळ एकाच साच्यात बसते: आरंभीची शिल्लक, अधिक वाढ, उणे घट, बरोबर अखेरची शिल्लक. `BS` शीटमध्ये ५व्या ओळीत स्थिर मालमत्ता, ६मध्ये साठा, ७मध्ये येणे, ८मध्ये रोख आणि ९मध्ये बेरीज धरू. १२पासून १७पर्यंत भागभांडवल, राखीव निधी, मुदत कर्ज, कॅश क्रेडिट, पुरवठादार आणि कर, १८मध्ये बेरीज.

स्थिर मालमत्ता: १२० अधिक ३० उणे १८, म्हणजे १३२. राखीव निधी: ६२ अधिक निव्वळ नफा १६.५ उणे लाभांश ४, म्हणजे ७४.५. मुदत कर्ज: ६० अधिक २० उणे १२, म्हणजे ६८. भागभांडवल ५० तसेच.

ताळेबंदाच्या छापील नमुन्यात, म्हणजे शेड्यूल ३ मध्ये, मुदत कर्जाचे पुढच्या वर्षात फेडायचे हप्ते अल्पमुदतीच्या कर्जाखाली वेगळे दाखवावे लागतात. ती विभागणी मॉडेलमध्ये करू नका. एकच ओळ चालवा आणि छापील पानावर फोड करून दाखवा. मॉडेलमध्येच दोन ओळी केल्या तर दरवर्षी एकीतून दुसरीत रक्कम हलवावी लागते, आणि ती हालचाल रोख प्रवाहात चुकून शिरते.

साठा, येणे आणि पुरवठादार यांचे आकडे दिवसांवरून निघतात. येणे असे, `PL` च्या ५व्या ओळीत विक्री आणि `Anuman` च्या ८व्या ओळीत उधारीचे दिवस आहेत असे धरून:

```
=PL!D5*Anuman!D8/365
```

४३८ गुणिले ६० भागिले ३६५, म्हणजे ७२. साठा आणि पुरवठादार मात्र विक्रीवर नव्हे, मालाच्या किमतीवर काढायचे: ४८ आणि ४३.२. तिन्ही एकाच पायावर काढण्याची सवय दिसते. त्याने ताळेबंद जुळतो, फक्त आकडे खोटे निघतात.

दिवस कुठून आणायचे? गिऱ्हाइकाशी ठरलेल्या मुदतीवरून नाही. मागच्या ताळेबंदातले ६०, भागिले विक्री ३६५, गुणिले ३६५ दिवस, असे काढा. कारण नफा-तोटा पत्रकातली विक्री जीएसटी वगळून असते आणि गिऱ्हाइकाकडचे येणे जीएसटीसकट. कर १८ टक्के असेल तर प्रत्यक्षात ५१ दिवसांत येणारा पैसा या सूत्रात ६० दिवसांचा दिसतो. आधार तोच ठेवला तर ही खोट स्वतःच निघून जाते. बिलावरचे ४५ किंवा ५१ दिवस थेट घातले तर येणे कमी दिसेल आणि पैशाची गरजही कमी दिसेल.

राहिला कर. मागचे देणे २ यंदा भरले जाणार. यंदाच्या ५.५ पैकी ५ आगाऊ कर म्हणून वर्षातच भरला. (९० टक्क्यांपेक्षा कमी आगाऊ कर भरल्यास व्याज लागते, म्हणून निदान तेवढा धरावा.) अखेरचे देणे: २ अधिक ५.५ उणे ७, म्हणजे ०.५.

## तिसरी पायरी: रोख प्रवाह

इथे वर सांगितलेला नियम कामाला येतो. अप्रत्यक्ष पद्धतीने सुरुवात करपूर्व नफ्यापासून:

| `CF` ओळ | तपशील | २०२५-२६ |
|---|---|---|
| ५ | करपूर्व नफा | २२.० |
| ६ | घसारा परत मिळवला | १८.० |
| ७ | व्याज परत मिळवले | ८.० |
| ८ | येणे वाढले | −१२.० |
| ९ | साठा वाढला | −८.० |
| १० | पुरवठादारांचे देणे वाढले | ७.२ |
| ११ | भरलेला कर | −७.० |
| १२ | व्यवसायातून आलेली रोख | २८.२ |
| १४ | यंत्रखरेदी | −३०.० |
| १६ | नवीन मुदत कर्ज | २०.० |
| १७ | हप्ते | −१२.० |
| १८ | व्याज दिले | −८.० |
| १९ | लाभांश दिला | −४.० |
| २० | कॅश क्रेडिटपूर्वीची रोख (आरंभीचे १० धरून) | ४.२ |
| २१ | कॅश क्रेडिट उचलले | ३.८ |
| २२ | अखेरची रोख | ८.० |

येणे आणि साठा वाढला म्हणजे पैसा अडकला, म्हणून ऋण. देणे वाढले म्हणजे पैसा हातात राहिला, म्हणून धन. सूत्रात हा फरक वजाबाकीच्या क्रमात असतो. मालमत्तेसाठी मागचे वर्ष उणे चालू वर्ष, देण्यासाठी चालू उणे मागचे:

```
=BS!C7-BS!D7
=BS!D16-BS!C16
```

व्याजाची गल्लत नवख्यांची हमखास होते. करपूर्व नफ्यातून व्याज आधीच वजा झालेले आहे. ते ७व्या ओळीत परत मिळवायचे आणि १८व्या ओळीत वित्तपुरवठ्याखाली वजा करायचे. ७वी ओळ विसरली तर व्याज दोनदा जाते. निव्वळ नफ्यापासून सुरुवात केली तर करही आधीच गेलेला असतो, तेव्हा ११व्या ओळीत भरलेला कर न घेता कराच्या देण्यातला बदल (−१.५) घ्यावा लागतो. दोन्ही वाटा चालतात, अर्धी एक आणि अर्धी दुसरी मात्र चालत नाही.

## चौथी पायरी: कॅश क्रेडिट आणि रोख

कॅश क्रेडिट ही एकच ओळ अशी आहे जी अंदाजाने टाकायची नाही, गरजेतून निघू द्यायची. २०व्या ओळीत ४.२ उरले आणि हवेत किमान ८, म्हणून ३.८ उचलले. जास्त उरले असते तर उचल फेडली असती, पण आरंभीच्या २०पेक्षा जास्त फेडता येत नाही. किमान रोख `Anuman` च्या १५व्या ओळीत असेल तर दोन्ही गोष्टी एका सूत्रात बसतात:

```
=MAX(Anuman!D15-CF!D20, -BS!C15)
```

अखेरचे कॅश क्रेडिट २० अधिक ३.८, म्हणजे २३.८. आता ताळेबंदातली रोखेची ओळ भरा, आणि ती अशीच भरा:

```
=CF!D22
```

सगळे मॉडेल या एका घरावर उभे आहे. इथे 'एकूण देणी उणे बाकीची मालमत्ता' असे सूत्र घातले की ताळेबंद कायम जुळेल, रोख प्रवाहात काहीही चुकले असले तरी. मग तो जुळणे निरर्थक. दुसऱ्याने बनवलेली फाइल हातात आली तर सगळ्यात आधी हे घर उघडून पाहावे.

## ताळा

मालमत्ता: १३२, ४८, ७२ आणि ८, एकूण २६०. देणी: ५०, ७४.५, ६८, २३.८, ४३.२ आणि ०.५, एकूण २६०. जुळले. ताळ्याचे घर ताळेबंदाच्या खालीच ठेवा, दरवर्षी एक:

```
=ROUND(BS!D9-BS!D18, 2)
```

`ROUND` फक्त ताळ्यात. मॉडेलच्या आतल्या सूत्रांत ते घातले की पैशापैशाचा फरक साचत जातो आणि खरी चूक त्याच्याआड लपते.

याच्याजोडीला एक बदलाचा तक्ता करून ठेवा. जुळत नसेल तेव्हा हाच उपयोगी पडतो:

| ओळ | आरंभ | अखेर | बदल | `CF` मध्ये कुठे |
|---|---|---|---|---|
| स्थिर मालमत्ता | १२० | १३२ | १२ | यंत्र ३०, घसारा १८ |
| साठा | ४० | ४८ | ८ | ओळ ९ |
| येणे | ६० | ७२ | १२ | ओळ ८ |
| राखीव निधी | ६२ | ७४.५ | १२.५ | नफा १६.५, लाभांश ४ |
| मुदत कर्ज | ६० | ६८ | ८ | ओळी १६, १७ |
| कॅश क्रेडिट | २० | २३.८ | ३.८ | ओळ २१ |
| पुरवठादार | ३६ | ४३.२ | ७.२ | ओळ १० |
| कर | २ | ०.५ | −१.५ | तरतूद ५.५, भरणा ७ |

देण्यांच्या बदलांची बेरीज ३०, रोख सोडून मालमत्तेच्या बदलांची ३२. फरक −२, आणि रोख १०वरून ८वर आली. शेवटच्या रकान्यात ज्या ओळीसमोर काही लिहिता येत नाही, तिथे चूक आहे.

## जुळत नसेल तेव्हा

सूत्रे एकेक करून वाचत बसू नका. आधी ताळ्याच्या ओळीकडे आडवे पाहा. फरक पहिल्यांदा कोणत्या वर्षी आला? तो पुढे तसाच राहतो की वाढत जातो? रोख पुढच्या वर्षात चालत जात असल्यामुळे एका वर्षात झालेली चूक पुढच्या सगळ्या वर्षांत तेवढीच दिसते. दरवर्षी होणारी चूक साचत जाते. म्हणजे २४, २४, २४ दिसले तर एका वर्षातले एखादे घर बिघडलेले आहे, बहुधा सूत्रावर कोणी आकडा टाइप केला आहे. ४, ८, १२ दिसले तर सूत्रच चुकले आहे आणि ते ओढून सगळीकडे पसरले आहे. आधाराच्या वर्षातच फरक असेल तर पुढे काही शोधण्यात अर्थ नाही.

मग फरकाच्या आकड्याकडे पाहा. आपल्या उदाहरणात मालमत्ता १८ने कमी आली तर घसारा परत मिळवायचा राहिला. ८ने कमी आली तर व्याज दोनदा गेले. (साठ्याचा बदलही ८च आहे, पण तो वजा करायचा विसरला असता तर मालमत्ता जास्त आली असती. दिशा पाहून आकडा वाचायचा.) ४ने जास्त आली तर लाभांश राखीव निधीतून गेला पण रोखेतून गेला नाही. १.५ने जास्त आली तर भरलेल्या कराऐवजी कराची तरतूद वजा झाली आहे, ७च्या जागी ५.५.

फरकाशी जुळणारा आकडा कुठेच नसेल तर फरक निम्मा करा. समजा मालमत्ता २४ने जास्त आहे. निम्मे १२, आणि येण्यातला बदल १२. म्हणजे तो वजा व्हायच्या ऐवजी मिळवला गेला आहे. उलट्या चिन्हाची चूक नेहमी दुप्पट दिसते.

या चुकीत एक गंमत आहे. येण्याचे चिन्ह उलटे झाले की २०व्या ओळीत ४.२ ऐवजी २८.२ येतात. सूत्र लगेच कॅश क्रेडिटचे सगळे २० फेडून टाकते आणि अखेरची रोख ८.२ दिसते. रोखेचा आकडा अगदी विश्वास बसावा असा, पण ताळा २४च दाखवतो. कॅश क्रेडिट दोन्ही बाजूंना सारखेच हलते, त्यामुळे ते चूक लपवू शकत नाही, फक्त रोखेकडे पाहून ती ओळखता येत नाही एवढेच.

थोडी वेगळी गाठ जुन्या यंत्राच्या विक्रीची. पुस्तकी किंमत ५, विकले ७ला, नफा २. स्थिर मालमत्तेतून ५ जातात, यंत्रखरेदीच्या खाली ७ येतात, आणि करपूर्व नफ्यात धरलेला २चा नफा वरच्या भागातून काढून टाकावा लागतो. तो काढला नाही तर तो दोनदा येतो, आणि ताळा २ने मालमत्तेकडे झुकतो.

## फिरत्या संदर्भाचा गुंता

आता व्याजाकडे परत येऊ. सरासरी शिलकीवर व्याज काढले तर ते जास्त खरे, हे बरोबर आहे. पण कॅश क्रेडिटची अखेरची शिल्लक रोखेवर अवलंबून, रोख नफ्यावर, नफा व्याजावर, आणि व्याज पुन्हा कॅश क्रेडिटच्या अखेरच्या शिलकीवर. एक्सेल वर्तुळाकार संदर्भाची सूचना देते. 'इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन' चालू केले की आकडा येतो, पण एकदा एखाद्या घरात `#REF!` किंवा `#DIV/0!` आले की ते त्या वर्तुळात फिरत राहते आणि मूळ चूक दुरुस्त केली तरी जात नाही. मग व्याजाची ओळ काही क्षण शून्य करून पुन्हा सूत्र भरावे लागते.

लक्षात घेण्याची गोष्ट अशी की मुदत कर्जामुळे हे वर्तुळ होत नाही. त्याचे हप्ते आधीच ठरलेले आहेत, तेव्हा त्याच्यापुरते सरासरीवर व्याज खुशाल काढा: ६० आणि ६८ची सरासरी ६४, व्याज ६.४. वर्तुळ फक्त कॅश क्रेडिटमुळे होते. आपल्या उदाहरणात कॅश क्रेडिटचे व्याजही सरासरीवर काढले तर पडणारा जादा फरक सुमारे २२ हजार रुपयांचा आहे. ४३८ लाखांच्या विक्रीचाच अंदाज काही टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो, तिथे २२ हजारांसाठी फाइल नाजूक करून ठेवणे परवडत नाही. उचल एका वर्षात दुपटीने वाढणार असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा वार्षिकऐवजी मासिक कॉलम करा आणि महिन्याच्या आरंभीच्या शिलकीवर व्याज काढा. अचूकताही येते आणि वर्तुळही टळते.

## जुळलेल्या ताळेबंदाची परीक्षा

ताळा शून्य आला म्हणजे जोडण्या बरोबर आहेत, एवढेच सिद्ध होते. `Anuman` मध्ये यंत्राची किंमत ३०च्या जागी ३ टाइप केली तरी ताळेबंद जुळेल, कारण तोच ३ स्थिर मालमत्तेत वाढतो आणि रोखेतून जातो. म्हणून ताळ्याशेजारी आणखी काही घरे हवीत: अखेरची रोख किमान रोखेपेक्षा कमी तर नाही, कॅश क्रेडिट ३०च्या मर्यादेत आहे का, स्थिर मालमत्ता किंवा कर्ज कुठल्या वर्षी ऋण तर झाले नाही.

मग मुद्दाम धक्का देऊन पाहा. उधारीचे दिवस ६०वरून ९० करा. येणे १०८ होते, म्हणजे ३६ जास्त अडकले. निव्वळ नफा १६.५ जसाच्या तसा राहतो. २०व्या ओळीत −३१.८ येतात, कॅश क्रेडिट ५९.८वर जाते. दोन्ही बाजू २९६वर जुळतात, ताळा शून्य. पण मर्यादेचे घर लाल व्हायला हवे, कारण ३०ची मर्यादा जवळपास दुपटीने ओलांडली आहे. हे सगळे एक आकडा बदलताच घडले तर जोडण्या जिवंत आहेत. येणे बदलले पण कॅश क्रेडिट हलले नाही, तर मध्ये कुठेतरी सूत्राच्या जागी आकडा बसलेला आहे. हीच गोष्ट विक्रीवाढ शून्य करून, लाभांश दुप्पट करून आणि यंत्रखरेदी काढून टाकून पाहा. प्रत्येक वेळी एकच आकडा बदला आणि पुढच्या धक्क्याआधी तो मूळ जागी आणा.

२०२५-२६चा कॉलम असा तपासून झाला की तो उजवीकडे ओढा. २०२६-२७चे व्याज ६८ आणि २३.८ यांच्या बेरजेवर, म्हणजे ९१.८वर निघून ९.१८ यायला हवे. तिथे पुन्हा ८ दिसले, तर सूत्रातल्या C समोर चुकून `$` लागलेला आहे.